रुपयाला एक आणा

मला खजिनदार केलं ते माझ्या हुशारीसाठी नव्हे, माझ्याकडे कुलूप लागणारी पेटी होती म्हणून. गावात दुसरी तशी पेटी सावकाराकडे होती आणि तिच्यात पैसा ठेवायचा नाही म्हणून तर सोसायटी काढली होती. उर्दू चार यत्ता आणि मोडी लिहिता येणं हा त्यात वरचा मसाला. आमच्या मेंढरं राखणाऱ्या घरात एवढं शिकलेला माणूस म्हणजे अर्धा वाया गेलेलाच समजत. कुठंतरी कामी येतोय, याचंच घरच्यांना बरं वाटलं.

आमचं गाव पिंगळी ठेसनापासून कोसभर. लढाई सुरू होती, फौजेला कांबळी हवी होती आणि आमच्याकडे मेंढरं, चरखे आणि खड्ड्याचे माग पिढ्यान्‌पिढ्या होते. सरकारी खात्याचा एक इन्स्पेक्टर घोड्यावरून आला, इमदाद-ए-बाहमी, म्हणजे सहकार, काय असतो ते त्यानं दोन तास समजावलं आणि आमच्या लोकांना त्यातलं एवढंच कळलं, की सगळ्यांनी मिळून लोकर घ्यायची, सगळ्यांनी मिळून घोंगडी विकायची. तेवढं पुरेसं होतं. दहा रुपयांचा एक शेअर. कुणी एक घेतला, कुणी दोन, सगळे मिळून दोन हजारांचं भांडवल झालं, निजामाच्या हाली सिक्क्याचं. एका म्हाताऱ्या मेंढक्याला सदर, म्हणजे अध्यक्ष, केलं. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणायचो.

फौजेच्या कंत्राटदारानं पहिल्या दिवशी घोंगडीमागं सात रुपये भाव सांगितला. तो सांगताना आबांनी त्याला बसवलं कशावर, तर घोंगडीवर. हे आता समजावून सांगायला हवं. आमच्यात जात-पंचायत घोंगडीवर बसते, सोयरीक घोंगडीवर ठरते, मेंढरांचा सौदा घोंगडीवर होतो. घोंगडी अंथरून त्यावर भंडारा टाकला की जो बसला त्यानं खोटं बोलायचं नाही आणि बोललेला आकडा खाली आणायचा नाही. चढवा खुशाल, उतरवायचा नाही. कंत्राटदाराला बिचाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, बसायला काहीतरी टाकलंय. त्यानं सात म्हटलं, आबांनी भंडारा कपाळाला लावला आणि आमच्या गावापुरता घोंगडीचा भाव सूर्यचंद्र असेतोवर सात झाला.

तीन वर्षं खरंच सात मिळाले. घोंगडीला लोकर आणि कताई मिळून तीन लागत, विणकरीचे दोन. वरचे दोन सोसायटीला. बैलगाड्यांवर गठ्ठे घालून आम्ही पिंगळीला न्यायचो, फलाटावर रचायचो आणि गाडी येईतो त्यांच्यावरच पाय पसरून बसायचो. माझा थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणायचो, गावातला सगळ्यात चांगला विणकर. आपण विणलेली घोंगडी तो गठ्ठ्यात डोळे मिटून हातानं ओळखायचा. काठाला तो एक धागा उलटा घालायचा. "कशाला रे?" विचारलं तर म्हणायचा, "देवाला कळावं म्हणून." माग सोसायटीचा, राबणारा तो. दुसऱ्याच्या मेंढरांमागं रानोमाळ हिंडायचं त्याचं सुटलं होतं आणि वहिनीच्या अंगावर वस्त्र दिसायला लागलं होतं. त्याचे दोन शेअर होते. दरसाल सभेत रुपयाला एक आणा हिस्सा वाटला जाई. दादाला वीस रुपयांवर सव्वा रुपया मिळे आणि तो सव्वा रुपया तो बंडीच्या आतल्या खिशात घालून दोन दिवस नुसता हिंडायचा.

मग लढाई संपली. जगात गूळ वाटला असेल, आमच्याकडे दोनशे घोंगड्या गोदामात पडून राहिल्या. कंत्राटदार म्हणाला, उचलतो. पुढच्या महिन्यात म्हणाला, उचलतो. मग तो काही म्हणायलाही आला नाही. त्याला दोन कार्डं टाकली. उत्तर कुठलं.

सालाअखेरीला साठा मोजायची वेळ आली. सोसायटीचे पंच बसले, अर्थात घोंगडीवर. मी म्हटलं, "मानवतच्या बाजारात घोंगडी आज चारला जातीय. चार धरा." पाचही जणांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवाच्या पुढचं खोबरं खाल्लं.

"भाव उतरवतोस?" आबा म्हणाले. "भंडारा उचलून घेतलाय आपण सात म्हणून."

"आबा, कंत्राटदार पळाला."

"त्यो पळाला. आपला शबुद पळाला का?"

दुसरे एक पंच म्हणाले, "आन् चार लिहिले तर ज्यानं इणली त्याच्या तोंडावर थुकल्यासारखं न्हाई का? उद्या तुझा भाऊ इचारंल."

दादाचं नाव काढल्यावर मी टाक उचलला. सात रुपयांनी दोनशे घोंगड्या मांडल्या. दरेकी तीन रुपये हवेतले, म्हणजे एकूण सहाशे हवेतले. ताळेबंदात सालाचा नफा आला सहाशे चाळीस रुपये. खात्याचा ऑडिटर आला, त्यानं साठ्याच्या भावाची जबाबदारी पंचांच्या सह्यांवर सोडली, बोकडाचं जेवण केलं आणि हिशेब बरोबर आहे असा शेरा मारून गेला. बेरजा बरोबरच होत्या. सहाशे चाळीसातला खरा नफा तेवढा चाळीस होता, एवढंच.

सभेच्या दिवशी सकाळी आबांनी मला खंडोबाच्या देवळामागं गाठलं. "लांबण लावू नको," ते म्हणाले. "नफा किती त्यो सांग, रुपयाला आणा वाटायचा म्हण आन् बस खाली. लोकं आशेनं आलेत."

"आबा, पेटीत आणि बँकेत मिळून दीडशे रुपये आहेत. आण्यानं वाटलं तर सव्वाशे जातील. दसऱ्याला मेंढरांची कातरणी आली की लोकर कशाची घ्यायची?"

"बँक दील की."

"बँक कुणाच्या भरवशावर देईल? माल घ्यायला गिऱ्हाईक नाही."

"हिस्सा वाटला न्हाई तर आजिबात देणार न्हाई. सोसायटीचा दर्जा उतरवंल खातं. त्यो इन्स्पेक्टर बसलाय बघ जोत्यावर." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा मला राग आला. रागवायला दुसरं कुणी हाताशी नसलं की माणूस म्हाताऱ्यांवर रागावतो.

देवळाच्या अंगणात शंभरेक माणूस होतं. कताई करणाऱ्या बाया दीपमाळेच्या अंगाला, पुरुष समोर. दादा पहिल्या ओळीत, धुतलेलं पागोटं घालून. मधे घोंगडी. ती दादानंच विणलेली होती, काळ्या जावळाची, कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची, मऊ. तिच्यावर भंडारा टाकलेला. बोलणाऱ्यानं तिच्यावर बसून बोलायचं. मी सकाळपासून मनात घोळवत होतो की उभ्यानंच बोलू, आकडे वाचून मोकळे होऊ. पण आबांनी हाताला धरून बसवलं. त्यांना तो मान वाटला. मला बूड टेकताच कळलं की आता सुटका नाही.

माझं भाषण फार लहान होतं. शब्द न् शब्द आठवतो, कारण पुढं कित्येक महिने ते मी मनातल्या मनात दुरुस्त करत होतो.

मी म्हणालो, "मंडळी, ताळेबंदाप्रमाणं यंदाचा नफा सहाशे चाळीस. कायद्यानं त्यातली चौथाई, एकशे साठ, राखीव निधीत टाकायची, तिला हात लावता येत न्हाई. राहिले चारशे ऐंशी. पंचांची शिफारस अशी की दोन हजारांच्या भांडवलावर रुपयाला एक आणा हिस्सा वाटावा. त्याला सव्वाशे लागतील. उरलेले तीनशे पंचावन्न पुढच्या सालात ओढायचे. ही शिफारस झाली. आता मी घोंगडीवर बसलोय म्हणून सांगतो. ह्या सहाशे चाळीसातले सहाशे तुमच्या पाठीमागं गोदामात घडी घालून ठेवल्यात. दोनशे घोंगड्या आपण सातानं धरल्यात आन् बाजार चारचा हाय. बाजारात तुरी. चारानं धरलं तर नफा फकस्त चाळीस. चौथाई गेली की तीस. रुपयाला एक पैसा वाटायचा म्हटला तरी सव्वा रुपया कमी पडतो. रोख सगळी मिळून दीडशे. सव्वाशे वाटले तर पंचवीस राहतील, पंचवीसात काय लोकर यायची ती तुमीच समजा. माझं म्हणणं, यंदा हिस्सा वाटू नये. दीडशेची लोकर घ्यावी, फौजेचा नमुना सोडून आपली पट्ट्याची घोंगडी इणावी आन् मानवतला बाजारभावानं इकावी."

एवढंच. मी ओठ पुसले. देवळातली घंटा वाऱ्यानं हलली.

मला वाटलं होतं, कुणीतरी चिडेल. चिडले असते तर बरं झालं असतं. लोक एकदा माझ्याकडे, एकदा गोदामाच्या दाराकडे पाहत राहिले. आबांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मग दादा उठला. उठताना पागोटं सावरलं.

"बाजारभावानं म्हंजी चारानं ना?" त्यानं मला विचारलं, भाऊ म्हणून नाही, खजिनदार म्हणून.

"चारानं."

"लोकर-कताई तीन. इणकराला किती राहतोय?"

मला उत्तर ठाऊक होतं, त्यालाही होतं. पण विचारल्यावर सांगणं आलं. "एक."

"दोनाचा एक. अर्ध्या मजुरीवर माग चालतोय का?"

"बंद पडण्यापेक्षा..."

"घोंगडीवर बसून सांग. चालतोय का?"

मी म्हणालो, "न्हाई."

दादानं मान हलवली. त्यात राग नव्हता. बायांच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली, "मंग आमच्या चरख्यांचं काय रं लेकरा?"

जोत्यावरून इन्स्पेक्टर साहेब खाकरले. ते वाईट नव्हते, त्यांना फक्त वही भरायची होती. "मुनाफा नै बांटे तो दर्जा गिर जाता," ते म्हणाले, "दर्जा गिरा तो बँक कर्जा नै देती. और बांटे तो..." पुढचं त्यांनी हात हलवून सांगितलं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. सरकारातून आलेला एवढा एक माणूस त्या दिवशी खरं बोलला आणि तेही अर्धं.

दादा अजून उभाच होता. तो सभेकडे वळला. "ह्यो माझा भाऊ खोटं बोलत न्हाई," तो म्हणाला. "लोकर घेतली तरी मागात जीव न्हाई. न घेतली तरी न्हाई. मंग निदान आणा तरी हाती येऊ द्या. हिस्सा वाटा." आणि त्यानं हात वर केला.

एकेक करून हात वर गेले. आशेनं गेले असं कुणी म्हणेल तर त्यानं ते हात बघायला हवे होते. कोपर अंगाला चिकटलेलं, पंजा फक्त कानाएवढा. आबांनी तर डोळे मिटूनच हात वर केला. मी एकट्यानं केला नाही, पण माझा एकाचा हात म्हणजे दर्या में खसखस. ठराव मंजूर झाला.

वाटप मीच केलं, त्याच घोंगडीवर बसून. एका शेअराला दहा आणे. बायामाणसं पदरात घ्यायची, गडी मुठीत. कुणीही मोजून घेतलं नाही. दादाला सव्वा रुपया दिला. त्याच्या बोटाला लोकरीचा तेलकट वास होता, आयुष्यभर होता. "अंगठा कर," मी म्हणालो. त्यानं केला. तीन वर्षांत प्रथमच त्यानं तो सव्वा रुपया बंडीच्या आतल्या खिशात ठेवला नाही. मुठीतच धरून गेला.

दसऱ्याला कातरणी झाली. पंचवीस रुपयांत जेवढी लोकर आली तेवढी आठवड्यात विणून संपली. बाकीची मानवतचे व्यापारी घेऊन गेले. बँकेनं कर्जाची अर्जी परत पाठवली. दर्जा चांगला आहे असं लिहून परत पाठवली, यावर मी हसलो, पेटीला कुलूप घातलं, मग पुन्हा हसलो. वहिनी म्हणाली, "काय झालं भावजी?" तिला काय सांगणार. दादाच्या मागाच्या खड्ड्यात कोंबडी बसायला लागली होती.

संक्रांतीनंतर दादा नांदेडला गिरणीत निघाला. मी पिंगळीला पोचवायला गेलो. जिथं आम्ही गठ्ठे रचायचो तिथंच तो उभा राहिला, हातात पिशवी. तिकिटाला त्यानं तोच सव्वा रुपया काढला. धोतराच्या गाठीत बांधून ठेवला होता, वहिनीला मीठसुद्धा आणू दिलं नव्हतं त्यातून. मी म्हटलं, "दादा, माझ्याकडं हायेत की."

"न्हाई, हे सोसायटीचे हायेत," तो म्हणाला. "सोसायटीनंच पाठवू दे." गाडी आली तेव्हा पायरीवरून वाकून म्हणाला, "माझ्या घोंगड्या चाराला इकू नको. वळखू येतात त्या."

मी हो म्हटलं. फलाटावर माणूस काय वाटेल ते कबूल करतो.

पुढच्या साली खात्यानं सोसायटी मोडीत काढली. मोडीत काढायला आलेला माणूस पेटी, खाती, माग, सगळं लिहून घेऊन गेला आणि दोनशे घोंगड्यांचा लिलाव देवळाच्या अंगणात पुकारला. तोवर त्यांना कसर लागली होती. हाताला लोकर भुशासारखी यायची. मी बोली बोलू शकत नव्हतो, सोसायटीच्या कुणा कारभाऱ्यानं बोलायची नाही असा नियम. एका व्यापाऱ्यानं सगळा ढीग दीड रुपया नगानं घेतला. माणसांसाठी नाही. मानवतला कापसाच्या गाड्या जुंपलेल्या असतात, त्यांच्या बैलांच्या पाठीवर टाकायला. आबा लिलावाला आले नाहीत. ते त्याच उन्हाळ्यात गेले, आणि त्यांच्या तिरडीवर घोंगडी टाकायची तर गावात धड घोंगडी सापडेना. जावळाची तेवढी होती, दादाच्या घरात. ती मागायचा मला धीर झाला नाही.

एकदा बाजारच्या दिवशी मानवतला एका बैलाच्या पाठीवर मी दादाचा काठ ओळखला. उलटा धागा. बैल उभ्यानं रवंथ करत होता आणि घोंगडीवर माश्या बसल्या होत्या. मी पुढं होऊन त्या उडवल्या. गाडीवान म्हणाला, "काय करायलाव पाव्हणं?" मी काही करत नव्हतो.

दादा नांदेडहून पहिल्यांदा गावी आला तो खोकत आला. गिरणीतली कापसाची तूस छातीत बसते म्हणे. आयुष्यभर लोकरीत राहिलेला माणूस कापसानं खोकतोय, हे मला फार लागलं. ठेसनाहून चालत येताना वाटेत त्यानं विचारलं, "माझ्या घोंगड्या कितीला गेल्या?"

रस्त्यावर उभे होतो. खाली माती होती.

"सात," मी म्हणालो.

त्यानं पिशवी या हातातली त्या हातात घेतली आणि आम्ही चालत राहिलो. झरीच्या रस्त्याचं वळण आलं, गाव आलं, घर आलं. वहिनीनं ओसरीवर पाहुण्यासाठी काढावी तशी ती काळी जावळाची घोंगडी काढली आणि दादासाठी अंथरली. तो तिच्यावर बसला, पाठ भिंतीला टेकली, खोकला ओसरेपर्यंत थांबला. मग शेजारच्या जागेवर हात थोपटून मला म्हणाला, "ये, बस हितं."

मी उभाच राहिलो.